मदत हवी आहे : पॅन्टोप्राझोल बंद केली की चौथ्या दिवशी जळजळ उसळते. ती सोडायची कशी?

सावली
वय 52. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा पोटाला त्रास होऊ नये म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम रोज सकाळी दिली होती. दोन महिन्यांत गुडघा बरा झाला आणि वेदनाशामक थांबले. पण ही गोळी बंद करा असं कोणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याआधी मला ॲसिडिटी कधीच नव्हती.

दोनदा ती एकदम बंद करून पाहिली. तीन दिवस ठीक जातात, चौथ्या दिवसापासून छातीत जळजळ होते आणि रात्री घशाशी आंबट पाणी येतं. दोन्ही वेळा आठवड्याभरात पुन्हा सुरू केली. मला आता खरंच आजार जडलाय, की हे गोळीमुळेच होतंय?

दगडफूल
आजच बंद करा! या गोळ्यांनी किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात. एकदम जमत नसेल तर गोळी अर्धी तोडून घ्या. माझ्या मेव्हण्याने तसंच केलं.

नीलमणी
अर्धी तोडू नका. त्या गोळीवरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवून आतड्यापर्यंत नेतं. तोडली की औषध वाटेतच निकामी होतं. 20 मिलिग्रॅमची वेगळी गोळी मिळते. मी बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काम करते, ही चूक नेहमी दिसते.

सावलीताई, गोळी आम्ल अडवते, तेव्हा शरीर गॅस्ट्रिन हे आम्लाला चालना देणारं संप्रेरक वाढवून आम्ल तयार करणाऱ्या यंत्रणेला जास्त जोराने ढकलत राहतं. अडसर काढला की ती वाढलेली यंत्रणा उसळते आणि शांत व्हायला काही आठवडे लागतात. 2009 मध्ये एका अभ्यासात पूर्ण निरोगी लोकांना आठ आठवडे याच वर्गातली गोळी देऊन थांबवली, तर नंतर त्यांच्यातल्या 44 टक्के लोकांना पित्ताचा त्रास झाला. त्यांना आधी काही आजार नव्हता. म्हणजे तुमच्या आठवड्याभराच्या प्रयोगातून आजार आहे की नाही हे ठरतच नाही, कारण तुम्ही उसळी ऐन भरात असतानाच परत गेलात.

किडनीचं म्हणाल तर गोळीमुळे किडनीला सूज येते, पण क्वचित. बाकीचे बरेच आरोप नुसत्या निरीक्षणांवर उभे आहेत. 2019 मधल्या मोठ्या चाचणीत साडेसतरा हजार लोकांना तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा खोटी गोळी दिली, त्यात फक्त पोटातले जंतुसंसर्ग थोडे जास्त दिसले. तुमची सहा वर्षं झालीत, त्यामुळे बी-12 आणि मॅग्नेशियम मात्र तपासून घ्या.

उंबरठा
सगळ्यांनी बंद करावी असं नाही हो. मी असंच काहीबाही वाचून स्वतःच्या मनाने थांबवली. माझ्या अन्ननलिकेत बॅरेटचे बदल, म्हणजे आम्ल वर येत राहिल्याने आतल्या अस्तरात झालेले बदल आहेत, त्यांना ती कायमची लागते. डॉक्टर फार रागावले. तुम्हीही सोडू नका.

नीलमणी
तुमच्या बाबतीत डॉक्टरांचं बरोबर आहे. अन्ननलिकेला गंभीर जखम झालेले, जठरातून रक्तस्राव होऊन गेलेले किंवा ॲस्पिरिनसोबत दुसरं रक्त पातळ करणारं औषध घेणारे यांनीही सोडू नये. सावलीताईंचं कारण वेगळं होतं आणि ते संपलंय. ताई, यांतलं काही आहे का? अन्न अडकणं, वजन घटणं, शौचाला काळं होणं?

सावली
नाही, काहीच नाही. एंडोस्कोपी मात्र कधी केली नाही.

नीलमणी
मग डॉक्टरांना विचारून असं करा : चार आठवडे 20 मिलिग्रॅम, न्याहारीच्या अर्धा तास आधी. मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. उसळी आली तर जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं, म्हणजे जठरात अन्नावर तरंगता थर करून आम्ल वर येऊ न देणारं पातळ औषध घ्या. पॅन्टोप्राझोलची गोळी नव्हे. रात्री डोक्याकडची बाजू उंच ठेवा. बंद केल्यावर दोन महिन्यांनीही त्रास तितकाच राहिला, तर तो मूळ आजार समजून तपासणी करायची.

तिसरा_कोपरा
हळूहळू कमी केल्याने उसळी टळते याला तितका भक्कम पुरावा नाही. 2022 च्या अमेरिकन मार्गदर्शनात एकदम थांबवणंही चालतं असं म्हटलंय.

नीलमणी
मान्य आहे. पण एकदम थांबवून त्या दोनदा परत गेल्यात, म्हणून मी हा मार्ग सुचवला.

सावली
सहा आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी योजनेला होकार दिला. 20 वर काहीच जाणवलं नाही. एक दिवसाआडचा दुसरा आठवडा कठीण गेला, तीन रात्री अल्जिनेट लागलं. बी-12 कमी निघालं, त्याचे उपचार सुरू आहेत. कालपासून गोळी पूर्ण बंद आहे. दोन महिने मोजतेय.