विषय: डिपॉझिटमधून ९१५ डॉलर कापले, घरमालकाला पत्र कसं लिहू?

मुग्धा (सनीव्हेल):
३१ मेला घर सोडलं. १६ जूनला चेक आला, २,४०० पैकी १,४८५ चा. सोबत चिठ्ठी, "साफसफाई व रंग ९१५", बास. चार वर्षं राहिलो, भिंतीला खिळ्यांची भोकं सोडून काही नाही. शिरीषकाका, गेल्या वर्षी तुम्ही कुणाला तरी मसुदा दिला होता ना?

परेश:
३० दिवसांत हिशोब दिला नाही तर दुप्पट पैसे मिळतात. थेट कोर्टात जा, पत्रं कसली लिहिता!

शिरीषकाका:
परेश, ३० दिवस तुमच्या न्यू जर्सीत. कॅलिफोर्नियात २१, आणि चिठ्ठी सोळाव्या दिवशी आली आहे, त्यामुळे मुदत चुकली म्हणता येणार नाही. इथेही दुप्पट रकमेपर्यंत दंड होतो, पण मालकाची बदनियत दिसली तर, आणि तेही न्यायाधीशाच्या मर्जीवर.

मुग्धा, तुझा मुद्दा पावत्यांचा. दुरुस्ती आणि सफाई मिळून १२५ डॉलरच्या वर गेली की बिलांच्या प्रती द्याव्याच लागतात. चिठ्ठी मिळाल्यापासून १४ दिवसांत, म्हणजे ३० जूनच्या आत, लेखी माग. एवढंच लिही:

"अमुक पत्त्यावरचं घर मी ३१ मेला सोडलं. आपण ९१५ डॉलर कापले. सफाईचे किती आणि रंगाचे किती ते वेगळं लिहावं, कोणत्या खोलीत काय काम झालं ते सांगावं आणि बिलांच्या प्रती पाठवाव्यात. काम आपण स्वतः केलं असेल तर तास आणि तासाचा दर द्यावा. नागरी संहितेच्या कलम १९५०.५ नुसार हे पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे."

खाली नवा पत्ता आणि तारीख. सर्टिफाइड मेलने पाठव, ईमेलही कर. रंग जुना झाला होता हा वाद आत्ता घालू नको. बिलावर कुठल्या खोल्या रंगवल्या ते दिसू दे, मग चार वर्षांच्या वापराची झीज काढता येईल.

सुनीता:
हॉलच्या डिपॉझिटचंही असंच लिहायचं का? गणपतीच्या वेळचे १५० अजून आले नाहीत.

विवेक (खजिनदार):
सुनीताताई, हॉलचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे, कृपया वेगळं पत्र पाठवू नका. ते राहतं घर नाही, हे कलम लागू नाही.

अंजली:
मुग्धा, चेक भरलास का? माझ्या चेकवर "पूर्ण हिशोब" लिहिलं होतं, मी भीतीने दोन महिने भरलाच नाही.

शिरीषकाका:
अंजली, त्यावर वकिलांतही एकमत नाही. मुग्धाच्या चेकवर तसं काही आहे का, ते आधी बघू दे.

मुग्धा:
चेकच्या मागेपुढे काही नाही. उद्या भरते आणि पत्र पोस्टात टाकते. काका, घर सोडताना काढलेले फोटो आत्ता जोडू का?

शिरीषकाका:
नको, ठेव. आधी मालकाचे फोटो माग. एप्रिल २०२५ पासून काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो त्यांनीच काढायला हवेत. पत्रात ती एक ओळ वाढव.