चपलेच्या लोगोत मंदिराचं शिखर

"कोल्हापुरी चपलांच्या ब्रँडसाठी अंबाबाईच्या मंदिराचं शिखर असलेला लोगो आलाय. मंजूर करू का?"

नका करू. चपलेच्या तळव्यावर ठसा उठला की शिखर पायाखाली येणार, आणि ते इथल्या माणसाला सहन होणार नाही. शिवाय शिखर गावातल्या कितीतरी पाट्यांवर आहे, त्यात तुमचं दुकान ओळखू कसं येणार?

त्यापेक्षा चपलेच्या वेणीवरून एकच ठसठशीत चिन्ह काढून घ्या. ते फक्त काळ्या रंगात, 12 मिलिमीटर रुंद छापून बघा. मग त्याच मापाचा ठसा चामड्याच्या तुकड्यावर मारा. कागदावर स्वच्छ दिसणाऱ्या बारीक फटी चामडं दबल्यावर मिटतात आणि वेणीचा नुसता डाग होतो. तसं झालं तर पेड कमी करा, रेषा बारीक करू नका.

मग चार-पाच गिऱ्हाइकांना पाच सेकंद दाखवा आणि दुसऱ्या दिवशी आठवून काढायला सांगा. चित्र वाकडं चालेल, पण आकार तोच यायला हवा.