सामाईक रुग्ण मोजायचे, पण याद्या न दाखवता

> "दोन्ही रुग्णालयांनी मोबाईल नंबरांचे हॅश, म्हणजे सहज उलगडता न येणारे ठसे, काढून जुळवले की झालं ना? याद्या उघड कुठे होतात?"

होतात की! दहा आकडी नंबर फार तर हजार कोटी. सगळ्यांचे हॅश बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डावर मिनिटांत निघतात, मग उलटा शोध सोपाच.

त्याऐवजी डिफी-हेलमन या गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीचं गणित वापरतात. 'अ' रुग्णालय प्रत्येक हॅश h ला आपला गुप्त घात a लावून 'ब'ला पाठवतं. 'ब' त्यावर स्वतःचा b चढवतं आणि पत्ते पिसावेत तसा क्रम बदलून परत देतं. 'ब'च्या यादीवर आधी b, मग 'अ'कडे a.

`(h^a)^b = (h^b)^a`

म्हणजे सामाईक रुग्णाची किंमत दोन्हीकडून सारखीच येते. जुळले किती ते 'अ'ला कळतं, कोण ते नाही.

पण 'अ'ने एकच खरा नंबर आणि बाकी बनावट दिले तर? उत्तर 0 किंवा 1, आणि तो माणूस उघडा पडला. म्हणून उत्तरात थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळतात.

व्यवहारात मात्र घोळ होतो तो +91 ने. एकीकडे तो लावलेला, दुसरीकडे नाही. काहीच जुळत नाही, आणि एररही येत नाही. ठरवून दोन्ही याद्यांत तेच काही खोटे नंबर आपापल्या पद्धतीने लिहून घाला. तेवढे तरी जुळायलाच हवेत.