मदत हवी आहे: ठोकळ्याचं पृष्ठफळ २८.९ की २९.०?

मी अकरावी सायन्सला आहे, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात. प्रॅक्टिकलला व्हर्नियरनं लाकडी ठोकळा मोजला. लांबी ४.१२, रुंदी २.०५, उंची ०.९८ सेंमी आली. पृष्ठफळासाठी तीन गुणाकार केले आणि प्रत्येक उत्तर तिथल्या तिथं राउंड केलं: ८.४५, २.० आणि ४.०. बेरीज १४.४५, दुप्पट २८.९. सरांनी लाल पेनानं २९.० लिहून दिलं. ते आता लग्नाला गावी गेलेत. माझं चुकलं कुठं?

वऱ्हाडी_पोरगा: सरांचंबी चुकलंच की. ०.९८ मंदी सार्थक अंक दोनच, म्हणून उत्तर २९. तो पॉइंट शून्य कायले पाहिजे?

कपाशीवाला: आमच्या जिनिंगच्या काट्यावर तर वरचे ग्राम सरळ कापतात, ताई. राउंड नेहमी त्यांच्याच बाजूनं! यावर काही नियम आहे का?

निवृत्त_मास्तर: भाऊ, तो वेगळा धागा होईल. बेटा, तू राउंड करायची घाई केलीस. कॅल्क्युलेटरवरचे आकडे तसेच पुढे ने: ८.४४६, २.००९, ४.०३७६. बेरीज १४.४९२६, दुप्पट २८.९८५२. आता कुठवर लिहायचं ते ठरव. दोन सार्थक अंकांचा नियम गुणाकारांना लागतो, म्हणजे २.००९ चा भरवशाचा भाग २.० आणि ४.०३७६ चा ४.०. बेरजेत सार्थक अंक मोजत नाहीत, दशांश स्थळ बघतात. इथं ते एकच, म्हणून २९.०. सूत्रातला २ मोजपट्टीनं आलेला नाही, समोरासमोरच्या बाजू मोजून आलाय, त्याचे अंक धरायचे नाहीत.

वऱ्हाडी_पोरगा: म्हंजे माझ्या २९ ले मार्क नाही?

निवृत्त_मास्तर: गुणाकाराचा नियम तू बेरजेला लावलास. तिन्ही मापं ०.०१ नं वाढवून बघ, व्हर्नियरचं लघुत्तम माप तेवढंच असतं. ४.१३, २.०६, ०.९९ घेतलं की पृष्ठफळ २९.२७ येतं, म्हणजे जवळपास ०.३ चा फरक. म्हणून दशांशाचा पहिला अंक डळमळीत आहे, पण लिहिण्याजोगा आहे. दुसरा लिहिणं म्हणजे थाप.

धागाकर्ती: मग ०.३ चीच खात्री नसेल तर २८.९ सुद्धा चालायला पाहिजे ना?

निवृत्त_मास्तर: मापाच्या हिशेबानं दोन्ही आत बसतात. पण तुझा ०.१ ठोकळ्यातून नाही, मधल्या राउंडिंगमधून आलाय. वहीत मधल्या पायरीला निदान एक अंक जास्त ठेव: ८.४४६, २.०१, ४.०४. तरी २९.० च येईल.

वऱ्हाडी_पोरगा: अन् तिची १४.४५ एका स्थळापर्यंत राउंड केली तर? १४.४ का १४.५?

निवृत्त_मास्तर: एनसीईआरटीच्या पद्धतीनं आधीचा अंक सम असला तर तसाच ठेवतात, म्हणजे १४.४. आम्ही शाळेत पाच आला की वर न्यायचो. तपासणारा कोणता धरेल, ते सर परत आले की त्यांनाच विचारा.

धागाकर्ती: सोमवारी विचारते. तोवर २.०१ असं लिहून पान पुन्हा करते.