'मी पोळी खाल्लो': परदेशात वाढलेल्या मुलांचं व्याकरण अर्धवट की वेगळं?

धंतोलीकर: अमेरिकेत वाढलेला, मूळ नागपूरच्या घरातला मुलगा 'मी पोळी खाल्लो' म्हणतो. त्याची तुलना इथल्या फक्त मराठी बोलणाऱ्या मुलांशी करून त्याचं व्याकरण अर्धवट ठरवायचं का? माझं मत, नाही. तुमचं?

सदरचा_मास्तर: ठरवायचंच. इथलं चार-पाच वर्षांचं पोर 'खाल्ली' म्हणते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागे चालते, तेच त्यानं मराठीत आणलं. शिकणं मधेच थांबलं, त्याला वेगळं-बिगळं नाव कशाला?

मेधा_व: मास्तर, इंग्रजीचा धक्का असेलही, पण तुम्ही सांगता तसा नाही. इंग्रजीत भूतकाळात 'वॉज-वेअर' सोडलं तर क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. 'एट' म्हणजे मी, तू, ती, सगळ्यांसाठी एकच. नक्कल असती तर एखादं रूप सगळीकडे गोठलं असतं. 'खाल्लो' मात्र कर्त्याचं लिंग-पुरुष धरून तयार होतं, म्हणजे मराठीची यंत्रणा चालू आहे. आणि नमुना मराठीतच आहे: 'मी कविता शिकलो', 'मी नाव विसरलो'. इथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याकडे जातं. अपवादाचा हा छोटा गट मुलानं नियम करून टाकला. त्यात 'मी'ला प्रमाण मराठीत 'ने' लागत नाही, त्यामुळे इथे कर्त्याकडे जायचं नाही ही खूण कानावरच पडत नाही.

बर्डीवाला: आमच्या घरी तर पोरगी इथंच राहून 'मेरेको' करून राहिली, अमेरिकेचं काय घेऊन बसले बाप्पा! इथं फक्त मराठी बोलणारं पोर दाखवा आधी.

मेधा_व: भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण शेवटचं वाक्य नेमकं लागतं. त्या मुलानं नागपूर ऐकलंच नाही, आईबाबा ऐकले. म्हणून माप त्यांच्या बोलीचं घ्यायचं. ते 'मले' आणि 'करून राहिलो' म्हणत असतील तर मुलाचं 'मले' चूक धरून कसं चालेल? पुण्याच्या मापानं ते झडलेलं दिसेल आणि मुळात काही झडलेलंच नसेल.

सदरचा_मास्तर: बरं, आईबाप 'खाल्ली'च म्हणतात आणि पोरगं 'खाल्लो'. मग?

मेधा_व: मग चूक कुठे आहे ते शोधायचं. 'राजूने आंबा खाल्ला' हे वाक्य चाचणीत निरुपयोगी, कारण राजू आणि आंबा दोन्ही पुल्लिंगी. क्रियापद कोणाकडे बघतंय ते कळत नाही. कर्ता-कर्माचं लिंग वेगळंच हवं. त्याआधी मुलाकडून 'माझी पोळी, माझं केळं' वदवून घ्यायचं. तो 'माझा पोळी' म्हणाला तर 'पोळी खाल्ला' ही लिंगाची चूक, क्रियापदाची नाही. लिंग बरोबर असूनही 'राजूने पोळी खाल्लं, मी पोळी खाल्लं' येत असेल तर नपुंसकलिंगी रूप गोठलंय. 'मी पोळी खाल्लो' आणि मुलगी असेल तर 'मी पोळी खाल्ले' असं नियमानं येत असेल, तर ती नवी घडण. तिघांची कारणं वेगळी, आणि 'अर्धवट' हा शब्द तिघांना एकच करून टाकतो.

आणखी एक, 'हे वाक्य बरोबर आहे का?' असं विचारू नये. घरातून भाषा मिळालेली मुलं चुकीचं वाक्य नाकारायला कचरतात, सगळ्याला हो म्हणतात. चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावावी.

रेशीमबाग_७: ताई, पण 'खाल्ली' येऊन गेलं की आलंच नाही, हे एका चाचणीत कसं कळणार?

मेधा_व: नाही कळत. त्याच घराण्याच्या बोलीतली सहा वर्षांची आणि मोठी, दोन्ही मुलं तपासावी लागतात. भाषाशास्त्रज्ञ पोलिन्स्की यांच्या २०११च्या रशियनवरच्या कामात अमेरिकेत वाढणाऱ्या लहान मुलांना संबंधवाचक वाक्यं फक्त रशियन बोलणाऱ्या मुलांइतकीच कळत होती, तिथेच वाढून मोठी झालेली माणसं मात्र अडखळत होती. तिथे 'कधी शिकलंच नाही' म्हणता येत नाही, मिळालेलं पुढे बदललं. अमेरिकेत वाढलेल्या मोठ्या माणसांच्या हिंदीत मोंत्रुल, भट्ट, भाटिया या अभ्यासकांना २०१२ साली 'ने' आणि 'को' गळताना दिसले, पण गळणं कधी सुरू झालं हे फक्त मोठ्यांकडे बघून सांगता येत नाही.

सदरचा_मास्तर: आजची लहान आणि आजची मोठी एकाच तऱ्हेचं मराठी ऐकत वाढली नसतील. मोठ्यांच्या लहानपणी व्हिडिओ कॉलवर आजी नव्हती.

मेधा_व: हा मुद्दा खरा. त्याच मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासल्याशिवाय तो निघत नाही.

धंतोलीकर: आमच्याकडे 'मीनं पोळी खाल्ली' म्हणतात. मग 'मी'पाशीही खूण ऐकू येते. त्या घरातल्या पोराकडून 'खाल्लो' कमी यायला हवं ना?

मेधा_व: तर्क सरळ आहे. पण 'मीनं' म्हणणाऱ्या आणि 'मी' म्हणणाऱ्या घरांतली मुलं शेजारी ठेवून बघावी लागतील.

सदरचा_मास्तर: बघा. मी तोवर अर्धवटच म्हणतो.