'दृष्ट लागणे' : पवित्र शास्त्रात हा अर्थ येतो का?

पायवाट :
गावातल्या विश्वासणाऱ्यांसाठी दृष्ट, बाधा, भुताखेतांची भीती यावर पाठ तयार करतेय. 'दृष्ट लागणे' असं पवित्र शास्त्रात कुठे आहे का? मराठीत शोधलं, सापडेना. आणि 'अंधश्रद्धा' म्हटलं की समोरच्या बायका मान खाली घालतात, पुढचं ऐकतच नाहीत, त्याला दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा :
दृष्ट की दृष्टी असं विचारताय ना? लिहिताना दोन्ही दिसतं, बोलताना दृष्टच.

पायवाट :
नाही हो दादा, लेखनाचं नाही, अर्थाचं विचारतेय.

तरुणसंघ :
बायबलमध्ये दृष्ट नाहीच. भूतबीत सगळे मनाचे खेळ, सरळ सांगून टाका की खोटं आहे.

जुनेमास्तर :
तरुणसंघ, अर्धं बरोबर आहे तुमचं. मूळ भाषेत 'वाईट डोळा' हा शब्दप्रयोग आहे, मराठीत अर्थ धरून भाषांतर केलंय म्हणून तो दिसत नाही. मार्क ७:२२ मध्ये माणसाच्या आतून काय काय वाईट निघतं ते प्रभू सांगतो, तिथे आपण 'हेवा' वाचतो, ग्रीकमध्ये तिथे वाईट डोळाच आहे. अनुवाद १५:९ बघा, कर्ज सोडायचं सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाकडे वाकड्या नजरेने बघायचं आणि त्याला काही द्यायचं नाही. मत्तय २० मधला द्राक्षमळा तर सगळ्यांना माहीत आहे, शेवटी आलेल्यांना तेवढीच मजुरी मिळाली म्हणून आधीच्यांच्या डोळ्यात सलतं. म्हणजे डोळा वाईट असतो तो हेव्याने आणि कंजूषपणाने, आणि पाप बघणाऱ्याच्या मनातलं. कुणाच्या बघण्याने लेकरू आजारी पडलं असं शास्त्रात कुठेच नाही.
अजून एक जागा, गलती ३:१, 'भुरळ घातली'. पौलाने वापरलेलं क्रियापद त्या काळी दृष्ट लावण्यासाठीच वापरायचे. तो कुणाच्या नजरेला दोष देत नाही, लगेच म्हणतो की तुमच्या डोळ्यांसमोर वधस्तंभावरचा ख्रिस्त मांडला होता ना! पाठाला माझ्या मते हीच जागा घ्या.

तरुणसंघ :
बरं, पण भूत?

जुनेमास्तर :
ते मनाचे खेळ म्हणाल तर मार्क ५ कुठे ठेवाल? अशुद्ध आत्मे प्रभू खरे धरतो आणि आज्ञा देऊन घालवतो, त्यांना खूश करत बसत नाही. मत्तय १४:२६ मध्ये पाण्यावरून चालणारा प्रभू दिसला तर होडीतले शिष्य 'भूत आहे' म्हणून ओरडले. त्याने त्यांना अडाणी म्हटलं नाही, धीर धरा, मी आहे, भिऊ नका म्हणाला. पायवाटताई, तुमचा दुसरा शब्द इथेच आहे, 'भीती' म्हणा. भीती वाटते हे कुणीही कबूल करेल, अंधश्रद्धाळू आहे असं कोण म्हणेल?

दोनलेकरांचीआई :
माझं सांगते. बाळ झाल्यावर पाळकांनी दोरा काढायला लावला, मी काढला, पण जीव राहीना म्हणून उशीखाली शास्त्र ठेवलं आणि पाळण्याला क्रूस बांधला, तो पडला की छातीत धस्स व्हायचं. हे पण तेच झालं का?

जुनेमास्तर :
ताई, भीती गेली नाही, दोऱ्याच्या जागी क्रूस आला एवढंच. प्रेषित १९ मध्ये स्किवाचे मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि मार खाऊन पळाले. क्रूस लावा, पण तो पडला म्हणून प्रभू निघून जात नाही.

पायवाट :
हे फार कामाचं आहे. माझ्या मनात एक आई आहे, बाळाला जुलाब लागले की आधी दृष्ट काढते आणि त्यात दोन दिवस जातात.

दोनलेकरांचीआई :
तिला पहिलं हे सांगा की टाळू बसली, लघवी कमी झाली, दूध ओढेना तर त्याच क्षणी दवाखाना, प्रार्थना वाटेत करता येते. आणि कुणाची नजर लागली हे शोधण्यात शेजारणीशी वैर होतं ते वेगळंच.

तरुणसंघ :
ते ठीक, पण दोरा पाठातच सगळ्यांसमोर कापायला लावा, नाहीतर बाप्तिस्म्याला अर्थ काय?

जुनेमास्तर :
स्किवाच्या मुलांच्या त्याच अध्यायात १९ वं वचन वाचा. इफिसात जादूची पुस्तकं जाळली, पन्नास हजार रुपयांची म्हणजे चांदीच्या नाण्यांची किंमत भरली, ती लोकांनी आपणहून आणली होती, आणि आणणारे आधीच विश्वास ठेवलेले होते. पौलाने कुणाच्या घरात शिरून ओढून काढली नाहीत.

तरुणसंघ :
आपणहून आणली हे मान्य, पण सगळ्यांदेखत जाळली हेही तिथेच लिहिलंय मास्तर.

पायवाट :
यावर आमच्या पाळकांशी बोलते. पाठात तरी कात्री नेणार नाही, गलती ३:१ आणि ती होडी एवढंच घेते.