'आम्ही' की 'आपण'? भाषांतरित स्क्रीनशॉटमधलं एक सर्वनाम

रानजाई: मैत्रिणीने मला एका मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. मेसेज तिला आलेला, पण आम्हा दोघींसाठी होता. मूळ गुजरातीत. तिच्या फोनवर तो आपोआप मराठीत दिसत होता, तसाच तिने पुढे धाडला. पाठवणाऱ्याच्या नावाखाली एवढंच होतं:

"आम्ही उद्या संध्याकाळी भेटू. आम्ही सहा वाजता निघू."

मला वाटलं, ती मंडळी आपसांत भेटणार आहेत आणि आपल्याला नुसतं कळवलंय. मी गेले नाही, मैत्रीणही गेली नाही. ते मात्र आमची वाट बघत बसले होते. ही गोष्ट मनाला फार लागली आहे. मला विचारायचंय ते असं: 'आम्ही' आणि 'आपण' यांत जो फरक आहे, तो गुजरातीत नसतोच का?

काना_मात्रा: घोळ सर्वनामाचा नसावा, दिवसाचा असावा. गुजरातीत 'काले' म्हणजे काल आणि उद्या दोन्ही. मशीनने भलताच दिवस पकडला असेल.

तळटीप: 'काले'बद्दल तुमचं बरोबर आहे, पण तो शब्द एकटा येत नाही. सोबतचं क्रियापद भविष्यकाळी असेल तर 'उद्या'च. इथे दिवस बरोबर आलाय, नाहीतर ते लोक त्या संध्याकाळी वाट बघत बसले नसते.

रानजाई, फरक गुजरातीत आहे, आणि अगदी आपल्यासारखाच आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'आपणे', त्याला वगळून बोलायचं तर 'अमे'. तुमच्या पहिल्या वाक्यात मूळ 'आपणे' असणार असं मला वाटतं. कारण 'आम्ही भेटू' हे मराठी कानाला अर्धवट लागतं. आम्ही भेटू, कोणाला? मराठी माणूस एकतर 'आपण भेटू' म्हणेल, नाहीतर 'आम्ही त्यांना भेटू'. जिथे 'कोणाला' हा प्रश्न लोंबकळत राहतो, तिथे भाषांतराचा संशय घ्यावा. मैत्रिणीकडून मूळ मजकूर मागवा. दुसरा स्क्रीनशॉट नको, अक्षरं कॉपी करून पाठवायला सांगा.

पाऊलवाट: 'आम्ही भेटू' हे व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही. प्रथम पुरुष अनेकवचन, भविष्यकाळ. 'आपण भेटू' हेही शुद्ध. दोन्ही चालतात.

रानजाई: पाऊलवाट, शुद्ध-अशुद्ध मी विचारत नाहीये. बोलावणं होतं की नव्हतं, हे मला कळायला हवं होतं.

मूळ मिळालं. लिपी बदलून देते:

"आपणे काले सांजे मळीशुं. अमे छ वाग्ये नीकळीशुं."

तळटीप: म्हणजे एकाच मेसेजमध्ये दोन्ही होते! पहिल्या वाक्यात तुम्ही दोघी धरलेल्या: आपण उद्या संध्याकाळी भेटू. दुसऱ्यात वगळलेल्या: आम्ही, म्हणजे आमच्या घरची मंडळी, सहाला निघू. लिहिणाऱ्याने फरक नीट सांभाळला होता. मराठीतही तो सांभाळायला शब्द तयार होते. 'आपणे'ला 'आपण', 'अमे'ला 'आम्ही', इतकं सरळ. तरी दोन्हींचं 'आम्ही' झालं.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मधली इंग्रजी. दोन भारतीय भाषांचा समोरासमोर ठेवलेला मजकूर थोडा असतो, म्हणून पुष्कळ व्यवस्था आधी इंग्रजीत नेतात आणि तिथून मराठीत आणतात. इंग्रजीत दोन्हींना 'वी' हा एकच शब्द. तिथे पोचल्यावर 'आपणे' आणि 'अमे' सारखेच दिसू लागतात. पुढच्या टप्प्यावर मराठीतला एक शब्द निवडावाच लागतो, आणि 'आम्ही' निवडला जातो.

काना_मात्रा: पण आता थेट भाषांतर करणाऱ्या व्यवस्था आहेत ना? मेटाने 2022 मध्ये 200 भाषांचं मॉडेल काढलं, त्यात गुजराती-मराठी इंग्रजीशिवाय होतं.

तळटीप: होतं. पण शिकताना समोर आलेल्या जोड्यांमध्ये एका बाजूला बहुतेकदा इंग्रजीच असेल, तर वाट थेट असूनही ती सवय राहू शकते. आणि तुमच्या हातात फक्त चित्र आहे. कोणत्या व्यवस्थेने, कोणत्या वाटेने हे केलं, ते चित्रावरून कळत नाही. कधीकधी 'भाषांतरित' ही बारीक ओळही कापताना जाते. फोनवर 'मूळ पाहा'वर बोट ठेवता येतं, चित्रावर ठेवून काही होत नाही.

पाऊलवाट: मग तो मराठी मजकूर उलटा गुजरातीत करून बघितला तर? मूळ परत मिळेल.

तळटीप: नाही मिळणार. दोन्ही वाक्यांत 'आम्ही' आहे, म्हणून परतीच्या वाटेवर दोन्हीकडे 'अमे' येईल. वर ते गुजराती इतकं स्वच्छ दिसेल की तेच मूळ होतं असं वाटेल. उलट भाषांतराने एखादी ढोबळ चूक सापडते. दोन गोष्टी एकत्र मिसळल्या असतील तर त्या वेगळ्या होत नाहीत.

सांजवात: माझं प्रकरण बंगालीचं आहे. माझी एक सहकारी, बाई आहे. तिने लिहिलं, "आमि पौंछे गेछि." कोणीतरी त्याचा मराठी स्क्रीनशॉट सगळ्यांना पाठवला, त्यात "मी पोहोचलो". लगेच कुजबुज सुरू झाली की हिचा फोन दुसरंच कोणी वापरतंय. तिला चार जणांना खुलासा द्यावा लागला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तळटीप: हा वेगळा प्रकार आहे. बंगाली क्रियापदात बोलणारी बाई की पुरुष, हे दिसतच नाही. मूळ वाक्यात ती माहिती नव्हतीच, मराठीत मात्र 'पोहोचलो' किंवा 'पोहोचले' यांतलं एक लिहावंच लागतं. मशीनने पदरचं घातलं. रानजाईंच्या मेसेजमधून होतं ते गेलं, तुमच्या सहकारीच्या मेसेजमध्ये नव्हतं ते आलं. स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही सारखेच ठाम दिसतात.

काना_मात्रा: मला वाटतं शंका असेल तिथे मशीनने नेहमी 'आपण' लिहावं. निदान कोणी वगळलं जाणार नाही.

सांजवात: मला पटत नाही. "आम्ही घर विकतोय" याचं "आपण घर विकतोय" झालं तर? शिवाय 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा.

तळटीप: आदराचा 'आपण' क्रियापदावरून ओळखता येतो. 'आपण भेटू' वेगळं, 'आपण भेटाल' वेगळं. पण घराचं उदाहरण खरं आहे. कोणता शब्द आधी धरावा, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. दोन्ही पर्याय दाखवावेत असं वाटतं, पण प्रत्येक मेसेजखाली दोन वाक्यं कोण वाचणार?

रानजाई: आज त्या गृहस्थांना भेटून सगळं सांगितलं. त्यांना तो स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी स्वतःच्या नावाखालची ती दोन वाक्यं वाचली आणि म्हणाले, हे मी लिहिलेलं नाही. त्यांच्या फोनवर गुजरातीच आहे. मराठी फक्त मैत्रिणीच्या पडद्यावर तयार झालं, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते की "त्यांनी 'आम्ही' असं लिहिलं".

भेटायची वेळ मूळ मेसेजमध्येही नव्हती, हेही आज लक्षात आलं. सहा ही त्यांची निघायची वेळ होती. मैत्रीण ती भेटीची समजली होती.